माग सोप्यात होता तेव्हा आणि आज

प्रश्न : आम्ही बेळगावात वडगावला राहतो. सासरच्या आजोबांच्या वेळी सोप्यातच माग होता. आज त्याच सोप्यात माझे यजमान पुण्याच्या एका कंपनीचं काम लॅपटॉपवर करतात. दिवसभर घरात असतात, पण असून नसल्यासारखे. रात्री अकरापर्यंत काम संपत नाही. सासूबाई म्हणतात, "घरातच तर आहे, मग एवढं काय?" घरात काम आमच्याकडे पूर्वीही होतंच. मग आताच घर विस्कटल्यासारखं का वाटतं?

उत्तर : तुमच्या सासूबाई ज्या घरात वाढल्या, तिथे घर आणि काम यांच्यात भिंत नव्हतीच, त्यामुळे त्यांचे म्हणणे त्यांच्या अनुभवाशी प्रामाणिक आहे. तुमचा त्रासही तितकाच खरा आहे. मी बरीच वर्षे या भागातील घरांमध्ये बसून काम आणि कुटुंब यांच्या संबंधांचा अभ्यास करत आहे. त्यावरून माझे मत असे झाले आहे की काम घरात आले, हे तुमच्या त्रासाचे मूळ नाही. कामाचा शेवट घरातल्या माणसांना दिसेनासा झाला आणि तो शेवट ठरवण्याचा अधिकार घराबाहेर गेला, हे मूळ आहे. जागा तीच राहिली असली तरी कामाची वेळ मोजण्याची पद्धत बदलली आहे.

कार्यालय आणि घर यांची फारकत ही आधुनिक उद्योगव्यवस्थेची पायाभूत गोष्ट आहे, असे समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी मांडले होते. धंद्याचा हिशेब वेगळा, घरखर्च वेगळा. कामाची जागा वेगळी, राहण्याची वेगळी. हे वर्णन उद्यमबागेतल्या फाउंड्रीत पाळीने जाणाऱ्या कामगाराला लागू पडते, पण वडगाव, खासबाग आणि शहापूरच्या विणकर घरांना ते कधीच नीट लागू पडले नाही. निपाणी परिसरात विडी वळणाऱ्या हजारो बायकांनाही ते लागू पडले नाही. म्हणून घरून काम करण्याबद्दल पुण्या-मुंबईकडे जे लिहिले जाते, ते जसेच्या तसे उचलून आपल्याकडे चालत नाही. तिकडे कार्यालय घरात शिरले असे म्हणता येते. आपल्याकडे एका प्रकारचे घरगुती काम जाऊन दुसऱ्या प्रकारचे आले आहे.

या दोन प्रकारांतला फरक बारकाईने पाहू. हातमागावर बसलेला माणूस साडीच्या हिशेबाने काम करत असे. सावकाराकडून सूत यायचे, साडी पुरी झाली की मजुरी मिळायची. साडी किती विणून झाली हे मागावर डोळ्यांना दिसत होते. आजी कांड्या भरून देत होती, मुलगा शाळेतून आल्यावर हाताशी बसत होता, शेजारी उंबऱ्यावर टेकून गप्पा मारत होता आणि त्या गप्पांनी धोटा थांबत नव्हता. इंग्रज इतिहासकार ई. पी. थॉम्पसन यांनी १९६७ साली एका गाजलेल्या निबंधात कामाच्या अशा रीतीची घड्याळी कामाशी तुलना केली होती. जिथे माणूस हातातले काम पुरे होईपर्यंत राबतो, तिथे काम आणि माणसांतला वावर एकमेकांत मिसळलेले असतात. जिथे वेळच विकली जाते, तिथे प्रत्येक मिनिट मालकाचे की स्वतःचे हा प्रश्न उभा राहतो. यंत्रमाग आले तेव्हा वेग वाढला आणि आवाज वाढला, पण आवाजानेच काम चालू आहे की बंद, हे गल्लीला कळत होते. वीज गेली की माग थांबत होते आणि माणसे कट्ट्यावर येऊन बसत होती. हेस्कॉमचा पुरवठा आजही जातो, पण लॅपटॉपची बॅटरी, इन्व्हर्टर आणि मोबाइलचे इंटरनेट मिळून काम चालूच ठेवतात. ज्या खंडाने पूर्वी सर्वांना एकाच वेळी सुट्टी दिली, तो खंड नाहीसा झाला.

जुन्या कामाला मी सुखाचे म्हणत नाही. विणकरांच्या घरांत रात्र रात्र माग चालले, पाठी वाकल्या, मजुरी तुटपुंजी राहिली. विडी वळणाऱ्या बाईची पाने कमी भरायची, तयार विड्यांतल्या कितीतरी छाट म्हणून बाजूला टाकल्या जायच्या, आणि हजाराचा आकडा पुरा करण्यासाठी तिला लहान मुलींचे हात लावून घ्यावे लागत. पण आकडा पुरा झाला की तो झाला, हे तिला आणि घराला दोघांनाही माहीत असे.

तुमच्या यजमानांच्या कामाला असा आकडा नाही. त्यांच्या कामाचे दोन भाग आहेत आणि पगार जरी एकाच नावाने येत असला तरी घरावर त्यांचा परिणाम निरनिराळा होतो. एक भाग म्हणजे प्रत्यक्ष काम, जे करून संपते. दुसरा भाग म्हणजे हाक आल्यास ओ देण्याच्या तयारीत असणे. हा दुसरा भाग कधीच संपत नाही, कारण त्यात करण्यासारखे काही नसते, फक्त उपलब्ध असावे लागते. घरातल्या माणसांना पहिला भाग थोडाफार दिसतो. दुसरा भाग हातातल्या फोनकडे वरचेवर जाणाऱ्या नजरेपुरताच दिसतो, आणि तो आळस किंवा दुर्लक्ष म्हणून वाचला जातो.

अनगोळमधल्या एका घराची नोंद इथे तपशिलाने देतो. नवरा पुण्याच्या कंपनीत सॉफ्टवेअर तपासणीचे काम करतो, ग्राहक अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आहे. बायको प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. वडील कारखान्यातून निवृत्त झालेले, आई घरी, एक मुलगी दुसरीत. आम्ही अशा घरांत प्रत्येक प्रौढ माणसाला एक आठवडा आपापली वेळनोंद ठेवायला सांगतो: अर्ध्या अर्ध्या तासाने काय केले, कुठे केले, आणि त्या वेळी मन कुठे होते. ही शेवटची नोंद लोकांना विचित्र वाटते, पण सगळ्यात जास्त तीच सांगते.

त्या घरातला एक मंगळवार असा होता. सकाळी दहाला लॅपटॉप उघडला, सव्वा एकपर्यंत काम. अर्धा तास जेवण. पावणेदोन ते साडेचार पुन्हा काम. साडेचार ते साडेसहा मोकळा वेळ, त्यात मुलीला नृत्याच्या वर्गाला पोचवणे आणि आणणे. साडेसहा ते आठ अमेरिकेशी बोलणे. आठ ते नऊ जेवण. नऊ ते पावणेअकरा त्या बैठकीत निघालेल्या चुका दुरुस्त करून तपासणे. कामाच्या तासांची बेरीज केली तर ती सव्वानऊ तास होते. कार्यालयात बसून करणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हे फार नाही. पण पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंतचे अंतर पावणेतेरा तास आहे.

कायद्याच्या भाषेत या दोन आकड्यांना वेगळी नावे आहेत आणि त्यांचे महत्त्व फारसे कोणाला ठाऊक नसते. कर्नाटकच्या १९६१ च्या दुकाने व व्यापारी आस्थापना कायद्यात दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तासांची कामाची मर्यादा आहे, आणि जादा काम धरूनही दिवसाला दहा तासांच्या पलीकडे जाता येत नाही. त्याच कायद्यात दुसरी मर्यादा अशी आहे की विश्रांतीच्या वेळा धरून कामाचा एकूण पसारा दिवसाला बारा तासांपेक्षा जास्त असू नये. दिवसाचे तुकडे करून माणसाला सकाळपासून रात्रीपर्यंत अडकवून ठेवले जाऊ नये, हा त्यामागचा विचार आहे. अनगोळच्या त्या मंगळवारी तासांची मर्यादा जेमतेम ओलांडली गेली होती, तर पसाऱ्याची पाऊण तासाने. घर विस्कटते ते पसाऱ्याने. मधले साडेतीन तास कागदावर त्याचे होते, पण साडेचार ते साडेसहाच्या मनाच्या नोंदीत त्याने प्रत्येक अर्ध्या तासाला ‘फोनकडे लक्ष’ असे लिहिले होते. मुलीच्या वर्गाबाहेर तो स्कूटरवर बसून संदेशांना उत्तरे देत होता. हा वेळ नोकरीचा नव्हता आणि मुलीचाही नव्हता.

हा कायदा आपल्या घराला लागतो का, असे तुम्ही विचाराल. कंपनी महाराष्ट्रात, काम करणारा माणूस कर्नाटकात, आणि कायदा आस्थापनेची जागा धरून लिहिलेला. सीमाभागातल्या घरांत ही अडचण आणखी टोकदार होते, कारण कामगार निरीक्षक कुठल्या राज्याचा आणि तपासायचे कोणाचे घर, याचे उत्तर व्यवहारात कोणी देत नाही. याला आपल्या भागातच जुना दाखला आहे. विडी कामगारांसाठीच्या १९६६ च्या कायद्याने मालकाकडून किंवा ठेकेदाराकडून पाने-तंबाखू घेऊन घरी विड्या वळणाऱ्या बाईला कामगार म्हणून मान्यता दिली, ही मोठी गोष्ट होती. पण कामाच्या तासांची मर्यादा त्या कायद्याने ‘औद्योगिक जागे’पुरती ठेवली आणि त्या जागेच्या व्याख्येतून राहते घर वगळले. म्हणजे निपाणीची बाई कामगार ठरली, पण तिच्या रात्रीला मर्यादा नव्हती. लॅपटॉपवर काम करणारा माणूस शिकलेला आहे, पगार बरा आहे, तरी या एका बाबतीत तो तिच्याच रांगेत उभा आहे. कामाच्या वेळेबाहेर फोन किंवा संदेशाला उत्तर न देण्याचा हक्क मिळावा म्हणून खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत खासगी विधेयक मांडले होते. फ्रान्समध्ये २०१७ पासून या हक्काबद्दल मोठ्या कंपन्यांना कामगारांशी वाटाघाट करावी लागते. आपल्याकडे त्या विधेयकाचा कायदा झाला नाही.

आता त्याच मंगळवारची बायकोची नोंद. ती पाचला शाळेतून आली. नोंदीत ‘स्वयंपाक’, ‘मुलीचा अभ्यास’, ‘सासूबाईंचे औषध’ अशी नेहमीची कामे होती आणि पहिल्या नजरेत त्यांत नवऱ्याच्या नोकरीचा मागमूस नव्हता. आम्ही तिच्याबरोबर बसून प्रत्येक ओळ पुन्हा विचारली, तेव्हा वेगळेच चित्र उभे राहिले. मिक्सर सकाळी दहाच्या आत फिरवून घ्यायचा, म्हणून वाटण आदल्या रात्रीच काढून ठेवायचे. कुकरच्या शिट्या साडेसहापूर्वी व्हायला हव्यात. दिवेलागणीला मुलगी मोठ्याने शुभंकरोति म्हणते, ते आता मागच्या खोलीत आणि हळू आवाजात. सासऱ्यांचा टीव्ही बातम्यांच्या वेळी बंद. माहेरचा फोन आला तर परसात जाऊन बोलायचे. दारात कोणी आले तर "मीटिंग चालू आहे" असे उंबऱ्यातच सांगून, आलेल्या माणसाला राग येणार नाही असे बघायचे. यातले एकही काम तिने काम म्हणून लिहिले नव्हते, कारण तिच्या मते ती काही करत नव्हती, फक्त सांभाळून घेत होती.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत, घरातली बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे आणि असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे घालवतात असे आढळले होते. हा फरक सर्वांना ठाऊक आहे. पण अनगोळच्या बाईने राखलेली शांतता त्या २९९ मिनिटांत वेगळी दिसत नाही, ती स्वयंपाकात आणि इतर घरकामात विरघळून जाते. समाजशास्त्रात घर आणि नोकरी यांच्यातली रेषा आखण्याच्या आणि टिकवण्याच्या खटपटीला सीमाकार्य म्हणतात. कार्यालयात हे काम इमारत करते: दरवाजा, हजेरी, कंपनीची बस, जेवणाची सुट्टी. इमारत गेली की तेच काम घरातल्या कोणाला तरी करावे लागते, आणि आपल्या घरांत ते न विचारताच सुनेकडे जाते. भाडे वाचते कंपनीचे आणि भिंत बनते ती सून.

याच ठिकाणी मागाशी असलेला फरक पुन्हा महत्त्वाचा ठरतो. विणकराच्या घरात बायकोचे आणि मुलांचे हात कामाला लागत होते, तो शोषणाचाच भाग होता, पण त्या हातांना काम कळत होते. कांडी भरणाऱ्या आजीला साडीची किंमत, सावकाराची लबाडी, सुताचा दर्जा सगळे माहीत असे आणि ती त्यावर बोलू शकत असे. आजच्या घरात नवरा इंग्रजीतून ज्या विषयावर बोलतो, तो शेजारी बसलेल्या आईला परका असतो. बैठक खरोखरच महत्त्वाची आहे की नुसती हजेरी आहे, हे तिला आवाजावरून ओळखता येत नाही. त्यामुळे घरातली माणसे कामात सहभागी नसतात आणि कामापासून मोकळीही नसतात. "घरातच तर आहे, मग एवढं काय?" हा प्रश्न इथून येतो, आणि मला तो अडाणीपणाचा वाटत नाही.

वेळेवरचा ताबा घराबाहेर गेल्याची सगळ्यात स्पष्ट खूण नोव्हेंबरात दिसते. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे एक तास मागे घेतली जातात आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे केली जातात. न्यूयॉर्कची सकाळची नऊची बैठक आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसहाला पडते, तर हिवाळ्यात साडेसातला. अनगोळच्या त्या घरात नोव्हेंबर ते मार्च रात्रीचे जेवण दोनदा वाढले जाते, कारण सासरे आठला जेवतात आणि मुलगा नऊनंतर. कोणी ठरवून पंगत मोडली नाही. दूरच्या घड्याळाचा काटा हलला आणि इथले ताट वेगळे झाले. ज्या घरांत ग्राहक इंग्लंडचा असतो, तिथे हा बदल दुपारीच होतो आणि जेवणाला धक्का लागत नाही. म्हणून तुमच्या यजमानांचा ग्राहक कोणत्या देशातला आहे, हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा बराच मोठा आहे. तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा असेल, तर तिथले सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ किंवा साडेदहा, आणि मग अकराला काम संपत नाही यात यजमानांच्या शिस्तीचा काही दोष नाही.

तुम्ही उपाय विचारलेला नाही, तरी एक सुचवतो, कारण त्रासाचे मूळ कोणते आहे हे कळल्याशिवाय घरातले भांडण चुकीच्या माणसाशी होत राहते. आठवडाभर तुम्ही, यजमान आणि जमल्यास सासूबाई, तिघांनी वर सांगितलेली वेळनोंद ठेवा. तुमच्या नोंदीत ‘त्यांच्यासाठी जे टाळले, हलवले किंवा गप्प केले’ असा एक जादा रकाना घाला. आठवड्याच्या शेवटी प्रत्येक दिवसाचे दोन आकडे काढा: प्रत्यक्ष कामाचे तास आणि पहिल्या ते शेवटच्या कामापर्यंतचा पसारा. तास नऊच्या आसपास आणि पसारा तेराच्या आसपास असेल, तर अडचण वेळापत्रकाची आहे. अशा वेळी यजमानांनी वरिष्ठांशी बोलण्याजोगी मागणी ठरलेली असते: रात्रीची बैठक ज्या दिवशी असेल त्या दिवशी सुरुवात दुपारी व्हावी, आणि आठवड्यात उपलब्ध राहण्याच्या संध्याकाळी कोणत्या, हे लेखी ठरावे, म्हणजे उरलेल्या संध्याकाळी फोन बाजूला ठेवता येतो. अनगोळच्या घरात आठवड्यातून तीन संध्याकाळी उपलब्ध राहायचे असे ठरले. इतर दोन दिवशी काम पावणेसातला संपू लागले, आणि सासूबाईंना आता कोणता वार कसला हे पाठ आहे. घरातल्यांना शेवट कळणे हा त्यातला मोठा फायदा होता.

मात्र त्यामुळे सुनेचे काम आपोआप कमी झाले नाही. बैठकीच्या तीन संध्याकाळी शांतता राखणे तिच्याकडेच राहिले होते. ते वेगळे मांडून बोलावे लागले, आणि बोलताना तिच्या नोंदवहीतला जादा रकाना समोर ठेवल्यावरच नवऱ्याला ते पटले. टीव्ही आणि पाहुणे सांभाळणे सासऱ्यांनी घेतले. बैठक नसलेल्या दोन संध्याकाळी स्वयंपाक नवरा करतो.

तुमच्या नोंदीत पसाऱ्याबरोबर प्रत्यक्ष तासही अकरा-बाराच्या घरात गेले, आणि ते रोजचेच असेल, तर वेळापत्रक हलवून काही साधणार नाही. त्याचा अर्थ एका माणसावर दीड माणसाचे काम टाकले आहे. ते कार्यालयात बसून केले असते तरी तितकेच असते, फक्त तेव्हा तुम्हाला रात्री उशिरा येणारा माणूस दिसला असता आणि सासूबाईंनी तो प्रश्न विचारला नसता. अशा वेळी बोलणी वेळेची न करता माणसांच्या संख्येची करावी लागतात, आणि ती यजमानांनी एकट्याने न करता त्यांच्या गटातल्या सहकाऱ्यांबरोबर करावीत.